पदवीपत्रावर आडनाव चुकलंय, पत्रात नेमकं काय मागू?

*ताई, मी डिचोली तालुक्यातली. गेल्या वर्षी एमकॉम झाले. पदवीपत्र हातात आलं तर आडनाव Gaonkar छापलेलं. माझं दहावीपासून सगळीकडे Gaunkar आहे, आधार आणि पासपोर्टवरही. मार्कशीट सगळ्या बरोबर आहेत. गंमत म्हणजे बाबा Gaonkar लिहितात आणि आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या कागदांवर Gauncar आहे. काका म्हणतात, एका अक्षरानं काय होतंय, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं अ‍ॅफिडेव्हिट करून टाक. झेरॉक्सवाला म्हणतो, गॅझेटमध्ये नाव बदलून घे. मी विद्यापीठाला दोन पानी पत्र पाठवलं, आधारची प्रत जोडली, महिना उलटून गेला तरी उत्तर नाही. परदेशी शिक्षणासाठी अर्ज करायचाय, पदवीवर एपॉस्टिल लागेल. डुप्लिकेट पदवीपत्र मागू का? की घरात तीन स्पेलिंग असताना बरोबर कोणतं हे आधी ठरवू?*

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो मनात असेपर्यंत पत्र नीट लिहून होणार नाही. गोव्यातल्या घरांत एकाच आडनावाची दोन-तीन रूपं असणं ही काही चूक नव्हे. पोर्तुगीज लिखाणात 'के' या अक्षराला फारशी जागा नव्हती, म्हणून तुमचे आजोबा 'सी'ने लिहिले गेले. त्याच रीतीनं कुठल्या नायकांचं Naique झालं, कामतांचं Camotim झालं. 1961 नंतर शाळा इंग्रजी-मराठीच्या झाल्या, मास्तरांनी कानाला वाटलं तसं रजिस्टरात उतरवलं आणि बाबांच्या वाट्याला 'ओ' आला, तुमच्या वाट्याला 'यू'. यातलं बरोबर कोणतं, यावर घरात चवथीला गप्पा रंगू देत. विद्यापीठाला तो प्रश्नच पडत नाही. परीक्षा विभागातला कारकून एवढंच पाहतो, की प्रवेशाच्या वेळी तुमचं नाव आमच्याकडे कसं नोंदलं गेलं आणि पदवीपत्रावर तसंच उतरलं का.

ही नोंद आधारवरून होत नाही. ती दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रांवरून होते, म्हणजे आपल्याकडे बहुतेकांच्या बाबतीत गोवा बोर्डाच्या कागदावरून. मी बरीच वर्षं एका कॉलेजच्या कार्यालयातून अशी पत्रं विद्यापीठाकडे पाठवत होते. सगळ्यात जास्त अडकायची ती आधार जोडलेली. आधार हा ओळखीचा पुरावा म्हणून ठीक आहे. पण त्यावरचं नाव पुढे कधीही दुरुस्त करता येतं, त्यामुळे प्रवेशाच्या दिवशी तुम्ही नाव कसं लिहिलं होतं ते त्यातून कळत नाही. तुमच्या दोन पानांत दहावीचं प्रमाणपत्र नसेल आणि नोंदणी क्रमांकही नसेल, तर ते पत्र कोणाच्या तरी टेबलावर 'कागद अपुरे' म्हणून पडलेलं असण्याची शक्यता मोठी.

तेव्हा पत्र पुन्हा लिहिण्याआधी एक संध्याकाळ काढून सगळे कागद काळाच्या क्रमानं जमिनीवर मांडा. जन्मदाखला, दहावी, बारावी, पदवीच्या पहिल्या वर्षाचा प्रवेश, बीकॉमच्या मार्कशीट आणि पदवीपत्र, मग एमकॉमचा प्रवेश, प्रत्येक सेमिस्टरची मार्कशीट, पदवीदानाचा फॉर्म आणि शेवटी हे पदवीपत्र. प्रत्येक कागदावरचं आडनाव अक्षर-अक्षर वाचा. डोळा सवयीनं पुढे सरकतो, म्हणून मागून पुढे वाचलं तर बरं: आर, ए, के, एन आणि मग यू की ओ. 'यू'चा 'ओ' पहिल्यांदा कुठल्या कागदावर झाला ते सापडलं, की पत्र कोणाला लिहायचं आणि त्यात काय मागायचं हे आपोआप ठरतं.

मार्कशीट 'सगळ्या' बरोबर आहेत असं तुम्ही म्हणता. शेवटच्या सेमिस्टरची पुन्हा बघा. पदवीपत्राचा मजकूर बहुतेकदा परीक्षा विभागाच्या शेवटच्या माहितीवरून किंवा पदवीदानाच्या फॉर्मवरून छापला जातो. शेवटच्या मार्कशीटवरही 'यू' असेल, तर संशयाची सुई पदवीदानाच्या फॉर्मकडे वळते. तो फॉर्म ऑनलाइन भरला असेल तर त्याची पीडीएफ तुमच्या ईमेलमध्ये असेल. कोणी भरला होता, आठवतंय का? घरातल्या कोणी किंवा सायबरवाल्यानं बाबांच्या कागदावरून आडनाव उतरवलं असेल, तर 'ओ' घरातूनच गेलाय.

तसं असेल तर पत्रात सरळ लिहा, की फॉर्म भरताना आमच्याकडून चूक झाली. यात मानापमानाचं काही नाही. तुमचं पत्र हातात आलं, की कार्यालय पहिल्यांदा काढतं तो हाच फॉर्म. पत्रात 'आपल्या कार्यालयाच्या निष्काळजीपणामुळे' आणि फॉर्मवर तुमची सही, असं दिसलं की फाइलवर शेरा पडतो आणि ती परत येते. चूक तुमच्या बाजूची असेल तर दुरुस्तीची फी भरावी लागेल, एवढाच फरक. फॉर्मवर 'यू' आणि छापताना 'ओ' झाला असेल, तर फॉर्मची प्रतच तुमचा सगळ्यात बळकट पुरावा. मग फी माफ करण्याची विनंती त्याच पत्रात एका वाक्यात करा.

ज्यांची गोष्ट तुमच्यासारखी सोपी नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. चूक पहिल्या सेमिस्टरच्या मार्कशीटपासूनच असेल, तर ती कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी विद्यापीठाच्या नोंदीत शिरलेली असते. तिथे नुसतं पदवीपत्र दुरुस्त करा म्हणून उपयोग नाही, कारण नवं पदवीपत्र त्याच चुकीच्या नोंदीवरून छापलं जाईल. आधी मूळ नोंद, मग सगळ्या मार्कशीट, मग पदवी, असं मागावं लागतं आणि पत्र प्राचार्यांच्या शिफारशीनं जावं लागतं. आणि चूक दहावीच्या प्रमाणपत्रावरच असेल, तर विद्यापीठाचा दरवाजा ठोठावण्यात अर्थ नाही. तिथे शाळेच्या जनरल रजिस्टरात काय आहे ते बघून मुख्याध्यापकांमार्फत बोर्डाकडे जायचं, तिथलं सुधारलं की विद्यापीठाकडे यायचं. उलट्या क्रमानं जाणारे लोक वर्ष-वर्ष फिरताना मी पाहिलेत.

आता झेरॉक्सवाल्याच्या सल्ल्याकडे वळते. तो मनापासून सांगत असेल, पण ऐकू नका. नाव बदलणं आणि नावातली छपाईची चूक सुधारणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. गोव्यात नाव आणि आडनाव बदलण्यासाठी 1990 चा स्वतंत्र कायदा आहे. तो ज्यांना खरोखर वेगळं नाव घ्यायचंय त्यांच्यासाठी. तुम्हाला नाव बदलायचंच नाही, तुमचं नाव पहिल्यापासून एकच आहे. त्या वाटेनं गेलात तर तुम्ही स्वतःच सरकारदरबारी लिहून द्याल, की 'मी आधी Gaonkar होते, आता Gaunkar झाले.' मग विद्यापीठ म्हणेल, पदवी दिली तेव्हाचं नाव आम्ही बरोबरच छापलं होतं. आणि त्यांचं म्हणणं चुकीचं ठरणार नाही.

काकांचं अ‍ॅफिडेव्हिट मात्र अगदीच टाकाऊ नाही. ते पूल म्हणून चालतं, मुक्कामाला नाही. नवं पदवीपत्र येईपर्यंत एखाद्या अर्जाची मुदत संपत असेल, तर ते सोबत जोडता येतं. पण पुढचं सगळं आयुष्य प्रत्येक नोकरीला, प्रत्येक व्हिसाला तो नोटरीचा कागद शोधत बसायचं आणि समोरच्यानं तो मानला तर मानला, ही कसली व्यवस्था? करायचंच तर मजकूर स्वतः वाचून सही करा. नोटरीच्या टायपिस्टकडे तयार साचा असतो आणि त्यात हटकून 'पूर्वी या नावानं ओळखली जात होते' असं वाक्य येतं. ते काढायला लावा. तुमचं म्हणणं एवढंच असायला हवं: माझं नाव अमुक, ते दहावीच्या प्रमाणपत्रावर तसंच आहे, पदवीपत्र क्रमांक अमुक यावर आडनावात छपाईची चूक झाली आहे, हे पदवीपत्र माझंच आहे आणि दुरुस्तीसाठी मी अर्ज केला आहे.

आणि डुप्लिकेट? तो शब्द पत्रात चुकूनही लिहू नका. डुप्लिकेट मिळतं ते मूळ हरवलं, जळलं किंवा फाटलं तर. त्यासाठी पोलिसांत नोंद, प्रतिज्ञापत्र वगैरे मागतात, येणाऱ्या कागदावर 'डुप्लिकेट' असा शिक्का असू शकतो, आणि मुख्य म्हणजे ते मूळ पदवीपत्राची नक्कल असल्यामुळे त्यावर तोच 'ओ' पुन्हा येईल. तुम्हाला हवं आहे दुरुस्त पदवीपत्र, मूळ परत घेऊन त्याच्या बदल्यात दिलेलं.

पत्र कुलगुरूंना लिहायची गरज नाही. वरून खाली उतरत यायला त्याला जास्त दिवस लागतात. परीक्षा नियंत्रकांना लिहा, कॉलेजच्या प्राचार्यांमार्फत. आणि ते एका पानात बसवा. 'या चुकीमुळे मला किती मनस्ताप झाला' हे लिहावंसं वाटणारच, पण वाचणाऱ्याला तुमची नोंद शोधायची असते आणि ती मनस्तापावरून सापडत नाही, क्रमांकावरून सापडते. मजकूर साधारण असा ठेवा. विद्यापीठाचं काम इंग्रजीत चालत असेल तर हाच इंग्रजीत उतरवा:

> प्रति, परीक्षा नियंत्रक
> मार्फत: प्राचार्य
>
> विषय: एमकॉम पदवीपत्रावरील आडनावाचे स्पेलिंग दुरुस्त करून मिळणेबाबत. नोंदणी क्रमांक …, आसन क्रमांक …, पदवीपत्र क्रमांक …
>
> महोदय / महोदया,
>
> मी वरील नोंदणी क्रमांकाने … साली एमकॉम परीक्षा उत्तीर्ण झाले. मला मिळालेल्या पदवीपत्रावर आडनाव पुढीलप्रमाणे छापले आहे.
>
> छापलेले: GAONKAR
> असावयास हवे: GAUNKAR
>
> नावाच्या इतर भागांत चूक नाही. दहावी व बारावीची प्रमाणपत्रे आणि एमकॉमच्या सर्व सेमिस्टरच्या मार्कशीट यांवर आडनाव GAUNKAR असेच आहे. पदवीदानासाठी भरलेल्या फॉर्मची प्रतही सोबत जोडली आहे.
>
> तरी मूळ पदवीपत्र परत घेऊन त्याऐवजी दुरुस्त पदवीपत्र द्यावे आणि डिजिटल नोंदीतही हीच दुरुस्ती करावी, ही विनंती. हा नाव बदलण्याचा अर्ज नाही.
>
> यापूर्वी दि. … रोजी पाठवलेल्या पत्राऐवजी हे पत्र विचारात घ्यावे.

खाली सही, पत्ता, फोन, ईमेल आणि जोडलेल्या कागदांची यादी. चुकीचं आणि बरोबर नाव एकाखाली एक, मोठ्या अक्षरांत लिहायचं कारण उघड आहे: 'यू ऐवजी ओ पडला आहे' असं वाक्यात लिहिलं, की वाचणारा नेमकं उलटं समजण्याची भीती असते. फॉर्मवरच 'ओ' निघाला तर तिथे 'फॉर्म भरताना माझ्याकडून आडनाव चुकीचे लिहिले गेले, दुरुस्तीचे शुल्क भरण्यास तयार आहे' एवढं घाला. शेवटची ओळ आधीच्या पत्रासाठी आहे, नाहीतर एकाच मुलीच्या दोन फाइली दोन टेबलांवर फिरत राहतात.

पाठवण्याआधी पदवीपत्र आणखी एकदा पूर्ण वाचा. देवनागरीत नाव छापलं असेल तर तेही, वर्ष, श्रेणी, विषय, सगळं. अजून काही निघालं तर ते याच पत्रात घाला. 'नावाच्या इतर भागांत चूक नाही' हे वाक्य तेवढ्यासाठीच आहे, ते खरं असल्याशिवाय ठेवू नका.

मूळ पदवीपत्राबद्दल जरा सांभाळून. ते परत द्यावंच लागेल, कारण एका पदवीची दोन पदवीपत्रं बाहेर राहू देत नाहीत. पण ते पोस्टानं पत्रासोबत लगेच पाठवू नका. आधी पत्र आणि साक्षांकित प्रती द्या, शक्य असेल तर स्वतः जाऊन. तुमच्या प्रतीवर इनवर्ड नंबर आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. मूळ मागतील तेव्हा आधी रंगीत स्कॅन करून ठेवा आणि देताना पोच घ्या, जिच्यावर पदवीपत्राचा क्रमांक लिहिलेला असेल. लॅमिनेशन केलं नसेल अशी आशा आहे. केलं असेल तर ते घरी सोलायला जाऊ नका, तसंच दाखवा. आणि पेनानं 'ओ'चा 'यू' करण्याचा मोह कोणाला झाला तर तो हात वेळीच धरा. छपाईची चूक मग खाडाखोड होते आणि विचारणा तुमच्याकडे येते.

महिन्याभरात काही हललं नाही तर नवं पत्र लिहायचं नाही. इनवर्ड नंबर देऊन दोन ओळींचं स्मरणपत्र. त्यालाही दाद नाही मिळाली तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा. त्यात 'माझं काम का होत नाही' असं विचारू नका, त्याला उत्तर देणं बंधनकारक नाही. 'अमुक इनवर्ड नंबरच्या अर्जावर आजपर्यंत कोणती कार्यवाही झाली, तो सध्या कोणाकडे आहे, त्यावरच्या शेऱ्यांच्या प्रती द्याव्यात' असं विचारा. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं आणि ते तयार करायला कोणाला तरी फाइल उघडावीच लागते. माझ्या पाहण्यात अर्धी कामं त्या उघडण्यानंच झाली.

परदेशाच्या अर्जाचं असं करा. आत्ताच्या पदवीपत्रावर एपॉस्टिल करून घेऊ नका. तो शिक्का त्या एका कागदाला असतो, नवं पदवीपत्र आलं की पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल आणि पैसे दोनदा जातील. तिथल्या प्रवेश कार्यालयाला आजच लिहा, की पदवीपत्रावर आडनावात छपाईची चूक आहे, दुरुस्तीचा अर्ज दिला आहे, त्याची इनवर्ड शिक्क्याची प्रत, मार्कशीट आणि पासपोर्टचं पान जोडत आहे, दुरुस्त पदवीपत्र नंतर सादर केलं तर चालेल का. अर्जाच्या टप्प्यावर मूळ पदवी न मागता मार्कशीट आणि तात्पुरतं प्रमाणपत्र स्वीकारणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. तुमच्याकडे तात्पुरतं प्रमाणपत्र असेल तर त्यावरचं आडनाव बघा. 'यू' असेल तर निम्मी चिंता तिथेच मिटली. मात्र उत्तर लेखी घ्या, फोनवरचं 'चालेल' पुढे कामाला येत नाही.

नवं पदवीपत्र मिळेल तेव्हा रजिस्टरात सही करण्याआधी ते खिडकीवरच वाचा, जमिनीवर कागद मांडून वाचलंत तसंच, मागून पुढे. घरी आल्यावर डिजिलॉकर उघडून तिथली पदवी बघा. कागद बदलला पण डिजिटल नोंद जुनीच राहिली, असं घडतं, आणि पडताळणी करणारी कंपनी अनेकदा तिथेच बघते. तिथे 'ओ' दिसला तर त्याच इनवर्ड नंबरचा उल्लेख करून परीक्षा विभागाला एक ईमेल टाका आणि नव्या पदवीपत्राचा स्कॅन जोडा.

बाबांच्या पासपोर्टवर 'ओ' आणि तुमच्यावर 'यू' याचा या सगळ्याशी संबंध नाही. पुढे कधी व्हिसासाठी नातं दाखवायची वेळ आली तर तुमचा जन्मदाखला काढून बघा, त्यावर बाबांचं नाव कसं आहे ते. तो प्रश्न पडलाच, तर तेव्हा वेगळं पत्र लिहा मला.